कॉलरला फुगे, कफला चुण्या: एकाच कापडाचे तीन शर्ट, कॉलर दोघांचीच बिघडली

टाका_चुकला

शिवणकामातल्या जाणकारांनो, जरा मदत करा. नवऱ्यासाठी एकाच पॉपलिनचे तीन शर्ट घरी शिवले. कापड आधी पाण्यातून काढून घेतलं होतं, त्यामुळे आटण्याचा प्रश्न नाही असं मी धरून चालले होते. कॉलरला जाड चिकटणारं बकरम, कफला पातळ, दोन्ही इस्त्रीने चिकटवायचे. शिवल्यावर तिन्ही शर्ट इतके छान दिसत होते की मी स्वतःच स्वतःवर खूश.

आता सहा-सात धुणी झाली आणि दोन शर्टांच्या कॉलरला वरच्या बाजूने फुगे आलेत, मानेच्या मागे मधोमध, टोकं मात्र सपाट आहेत. इस्त्री केली की बसतात, पुन्हा धुतलं की पुन्हा हजर. तिसऱ्याची कॉलर एकदम ठणठणीत. आणि कफ तिन्ही शर्टांचे कडेच्या टिपेवर चुणीचुणीचे झालेत, म्हणजे कोणीतरी दोरा ओढून धरलाय असं वाटतं. कापड एक, बकरम एक, मशीन एक, धुणारी मीच. मग हे नक्की काय आहे? फोटो टाकायचा प्रयत्न केला पण पांढऱ्यावर काहीच दिसत नाहीये त्यात.

घडी_मोड

कापड आटलं, दुसरं काय. कापड आटतं आणि बकरम आटत नाही, मग कॉलर गोळा होते. पुढच्या वेळी कापड चांगलं रात्रभर भिजत घाला, नुसतं पाण्यातून काढून भागत नाही.

टाका_चुकला

अहो दोनदा काढलंय पाण्यातून, आणि एकदा गरम पाण्यातून. तिसऱ्या शर्टाचं कापडही तेच ना, त्याला का नाही झालं मग?

गुंडी

माझ्याकडे पण हाच प्रॉब्लेम आहे, टीशर्टची कॉलर धुतली की गुंडाळी होते आणि टोकं वर येतात, कितीही इस्त्री करा. त्याला पण बकरम लावता येईल का आतून?

उसवण

गुंडी, तुमचा आजार वेगळा आहे हो. टीशर्टची कॉलर विणलेली पट्टी असते, तिच्यात बहुतेक वेळा बकरमच नसतं, ती तिच्या विणीमुळे वळते. ओली असताना सपाट ओढून वाळत घाला, तेवढंच. इथे बकरम चिकटवलेल्या कॉलरचं चाललंय.

टाका_चुकला, माझं स्पष्ट मत सांगू का, चिकटवायचं बकरम वापरूच नका. मी अजून जुन्या पद्धतीने न चिकटवता नुसतं शिवायचं बकरम घालते. फुगा यायला आधी काहीतरी चिकटलेलं असावं लागतं ना! चिकटलेलंच नाही तर सुटणार काय.

प्रेसवाला

शर्टच्या कारखान्यात कॉलर चिकटवण्याच्या मशीनवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. उसवणताईंचं म्हणणं चूक नाही, पण नुसत्या शिवलेल्या बकरमाची कॉलर दर धुण्यानंतर चुरगळलेली निघते आणि दर वेळी ओली करून इस्त्री मागते, तो सौदा प्रत्येकाला झेपत नाही.

आता मूळ प्रश्न. आधी एक गोष्ट तुमच्याच लिहिण्यातून दिसते. कफ तिन्ही शर्टांचे बिघडले आणि कॉलर दोनच शर्टांची. म्हणजे ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच वेळी दिसली म्हणून एक वाटतात. दोन्ही वेगवेगळी तपासू. मला तीन गोष्टी बघून सांगा.

फुगलेल्या जागी वरचं कापड दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकंच उचला आणि चोळा. कापड बकरमावर सरकतंय का? सरकत असेल तर तिथे चिकटलेलं सुटलंय. सरकत नसेल आणि तरी लाट दिसत असेल तर गोंद शाबूत आहे आणि ओढ दुसरीकडून येते आहे.

दुसरं, कफच्या चुण्या टिपेला लागूनच आहेत का, आणि टिपेपासून दोन बोटं आत कापड सपाट आहे का.

तिसरं, बकरमाचा उरलेला तुकडा आहे का? तो पाण्यातून काढला होता का?

टाका_चुकला

बकरम?? ते कशाला पाण्यातून काढायचं, गोंद जाईल ना त्याचा?

चिमटीत धरून बघितलं, फुग्याच्या जागी कापड सुळसुळ सरकतंय, टोकांकडे अजिबात नाही. तिसऱ्या शर्टाचं कुठेच सरकत नाही. कफच्या चुण्या फक्त टिपेलगत, मधे सपाट.

घडी_मोड

बघा, म्हणजे गोंद धुपला. पावडर कडक असेल. साबणाने गोंद जातोच, सहा धुण्यांत तर जाणारच.

प्रेसवाला

घडी_मोड, गोंद साबणासारखा विरघळत नाही. बकरमावर जे बारीक ठिपके दिसतात ते प्लास्टिकचे असतात, शर्टांसाठी बहुतेक पॉलिथिन, काही बकरमांना पॉलिअमाइड. पाण्याने ते जात नाहीत, म्हणून बकरम कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, सपाट वाळवता येतं आणि वाळवावंच. ठिपका वितळतो तेव्हा तो कापडाच्या धाग्यांमधे शिरतो आणि थंड झाला की तिथेच अडकून बसतो. म्हणजे हे चिकटणं कमी आणि पकडणं जास्त आहे, हजारो छोटे छोटे हात. पकड किती घट्ट हे तो आत किती शिरला त्यावर ठरतं, आणि त्याला तीन गोष्टी लागतात, उष्णता, दाब आणि वेळ. कारखान्यात शर्टच्या कॉलरला साधारण १५० ते १७० अंश, दहा-पंधरा सेकंद आणि चांगला जोरदार दाब असतो. घरच्या इस्त्रीत उष्णता मिळते, वेळ आपण देत नाही आणि दाब तर जवळपास नसतोच.

म्हणून माझा अंदाज असा की तुमचा गोंद सहा धुण्यांत कमजोर झाला असं नाही, तो पहिल्या दिवसापासून मधोमध अर्धवटच बसला होता. ठिपका नुसता कापडावर टेकून राहिला, आत गेला नाही. तसं चिकटलेलंसुद्धा शिवताना अगदी पक्कं वाटतं, फसवतंच ते. धुण्यात ओढाताण झाली की सुटतं.

खात्री करायची असेल तर एका बिघडलेल्या कॉलरची मागची शिवण थोडी उसवा आणि आतून बकरमाचे ठिपके भिंगातून बघा.

सुरवंट

माझ्या कोटाच्या छातीवर असेच फुगे आले, तेही ड्रायक्लीनिंगवरून आल्यावर! धुतलेलाच नाही तो कधी पाण्यात. त्यांनी म्हटलं कापडात दोष आहे. हे पण अर्धवट चिकटलेलंच का?

प्रेसवाला

असू शकतं, पण कोटाचा गोंद वेगळा असतो आणि तिथे पाण्याऐवजी सॉल्व्हंट असतं. काही गोंद त्यात फुगतात आणि मऊ पडतात, विशेषतः हलक्या दर्जाचं पॉलिथिन. वर गरम हवेत गोल गोल फिरवून वाळवतात. कोट न बघता कापडाचा दोष की गोंदाचा हे मी सांगणार नाही. छातीवर चिमटीची परीक्षा तुम्हीही करून बघा.

आकडेमोड

शिवणकामातलं शून्य कळतं पण एक शंका. गोंद सुटला हे ठीक, पण सुटला म्हणून फुगा का यावा? सुटलेलं कापड सपाटच पडून राहील की. फुगा यायचा तर वरचं कापड खालच्यापेक्षा लांब व्हायला हवं. कापड आटलं असतं तर उलट ते आखूड होऊन ताणलं गेलं असतं, म्हणजे घडी_मोड यांचं कारण उलट्या दिशेचं आहे.

घडी_मोड

उलट्या दिशेचं म्हणजे? आटलं की गोळा होतं एवढं सरळ आहे.

प्रेसवाला

आकडेमोड यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. गोळा होतो तो न आटलेला थर, आटलेला थर ताठ होतो. वरच्या बाजूला फुगा म्हणजे खालचं बकरम जास्त आटलंय. ताईंनी कापड तीनदा भिजवलं आणि बकरम एकदाही नाही, म्हणजे कापडाचं आटणं आधीच होऊन गेलं आणि बकरमाचं सगळं शिल्लक राहिलं, ते कॉलरच्या आत बसून झालं. कापड भिजवलंच नसतं तर दोन्ही बरोबरीने आटले असते आणि कदाचित फुगे कमी आले असते, अर्थात शर्ट लहान झाला असता ते वेगळं.

टाका_चुकला, उरलेल्या बकरमाचा २० सेंटीमीटरचा चौकोन बॉलपेनने आखा, उभा धागा कुठला त्याची खूण करा, कोमट पाण्यात अर्धा तास, सपाट वाळवा, मोजा. कापडाच्या तुकड्याचंही तसंच.

टाका_चुकला

(दोन दिवसांनी)

मोजलं. बकरम उभ्या धाग्यात २० चं १९.७ झालं, आडव्यात १९.९. कापड दोन्हीकडे जेमतेम १ मिलिमीटरने कमी, म्हणजे १९.९. कॉलरला बकरम मी उभ्या धाग्यातच लांब कापलं होतं, तिन्हींना.

आकडेमोड

मग हिशोब सोपा आहे. बकरम दीड टक्का, कापड अर्धा टक्का. कॉलर किती लांब? ४० सेंटीमीटर धरतो. बकरम ६ मिलिमीटर आखूड झालं, कापड २. वरच्या कापडाचे ४ मिलिमीटर जास्तीचे उरले.

४ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल पण तसं नाहीये. ४ सेंटीमीटर अंतरात नुसतं १ मिलिमीटर कापड जास्त झालं आणि ते एकाच कमानीत वर उचललं गेलं तर त्या कमानीची उंची जवळपास ४ मिलिमीटर येते. मी दोनदा तपासलं कारण मलाच पटेना. म्हणजे तुमच्या ४ मिलिमीटरमधून असे चार ठसठशीत फुगे सहज निघतील.

उसवण

अगं बाई, म्हणून तर ते एवढे दिसतात! मी आपली समजत होते की कापड बोटभर तरी वाढलंय.

टाका_चुकला

चारच आहेत एकावर, दुसऱ्यावर तीन!! पण हिशोब तिसऱ्या शर्टालाही लागू आहे ना? तेच बकरम, तोच उभा धागा. ती कॉलर का शहाणी?

प्रेसवाला

तिथे पकड घट्ट आहे. चार मिलिमीटरची ओढ तिथेही आहे पण हजारो ठिपक्यांनी ती वाटून घेतलीय, कोणी एक सुटत नाही, मग कापडाला जागच्या जागी थोडं दबून राहावं लागतं. कॉटन तेवढं सोसतं. ती कॉलर सपाट ठेवून बघा, कदाचित किंचित वाकलेली दिसेल.

म्हणून खरा प्रश्न असा की तिसरी कॉलर चिकटवताना तुम्ही काय वेगळं केलंत. इस्त्री वेगळी? वाफ? दिवस वेगळा?

टाका_चुकला

इस्त्री तीच. वाफ तिन्हींना चालू होती. कॉटनवर होती इस्त्री. काहीच वेगळं आठवत नाहीये, तिन्ही कॉलरी एकाच दुपारी केल्या.

घडी_मोड

नशीब, दुसरं काय :)

टाका_चुकला

थांबा थांबा. आठवलं. तिसरी करताना इस्त्रीच्या टेबलावर मुलीने तिचे कपडे पसरले होते म्हणून मी जेवणाच्या टेबलावर चादर चौघडी करून त्यावर केली होती. पहिल्या दोन इस्त्रीच्या टेबलावर. एवढ्याने फरक पडेल?

प्रेसवाला

पडेल, आणि खूप पडेल. इस्त्रीच्या घडीच्या टेबलावर खाली जाळी, वर स्पंज. तुम्ही दाबता ते स्पंज गिळून टाकतो. शिवाय ते टेबल हलतं म्हणून माणूस जोर देतच नाही. पक्क्या लाकडावर चादर म्हणजे खालून प्रतिकार आहे, आणि उंची कमी असल्यामुळे खांद्याचा भार आपोआप इस्त्रीवर येतो.

आणखी एक विचारतो, इस्त्री ठेवली होती की फिरवली होती?

टाका_चुकला

फिरवली… कपड्याला करतो तशी. टोकांना मात्र थांबवली होती कारण टोकं नीट बसायला हवी ना.

प्रेसवाला

म्हणून टोकं सपाट आणि मधोमध फुगे. फिरवण्यात एका जागेला दोन-तीन सेकंदच मिळतात, वितळायला सुरुवात होते आणि इस्त्री पुढे जाते. त्यात इस्त्रीच्या तळाला वाफेची भोकं असतात, भोकाखाली ना दाब ना उष्णता.

तरीही हे सगळं मी लांबून सांगतोय. टेबलामुळेच झालं हे सिद्ध करायचं असेल तर तुकडे करून बघणं बरं. कॉलर उसवून ठिपके बघितलेत का?

टाका_चुकला

हो, एका कॉलरची मागची बाजू उसवली. भिंग मुलीच्या शाळेच्या किटमधलं. मधोमध कापड हाताने सोललं गेलं, आवाजसुद्धा नाही. बकरमावरचे ठिपके गोल गोल, उभारलेले, दुकानातून आणले होते तसेच. कापडाच्या आतल्या बाजूला काहीच नाही, एखाद्या ठिकाणी चमक. टोकाकडे सोलायला गेले तर जोर लावावा लागला, चरचर आवाज आला आणि तिथले ठिपके पसरट, चपटे, त्यांच्यावर कापडाचे तंतू चिकटलेले.

प्रेसवाला

झालं की मग. गोल उभा ठिपका म्हणजे तो कधी नीट वितळलाच नव्हता. जुना होऊन सुटलेला गोंद असा दिसत नाही, तो चपटा असतो, तंतूंचे ठसे असतात आणि तरी सुटलेला असतो.

सुरवंट

म्हणजे नीट चिकटलेलं पण जुनं होऊन सुटतं? ते कसं? मला वाटलं एकदा नीट बसलं की बसलं.

प्रेसवाला

सुटतं, पण हळूहळू, वर्षभरात किंवा जास्तीत. दोन-तीन गोष्टी एकत्र चालतात. कॉटन भिजलं की त्याचा धागा फुगतो आणि कापड आखडतं, वाळलं की पुन्हा थोडं मोकळं होतं. गोंद मात्र भिजत नाही, तो आहे तेवढाच. म्हणजे दर धुण्यात धागा ठिपक्याच्या पकडीत हलतो, तार वाकवून वाकवून तोडतो तसं. पन्नास धुण्यांत कडेचे ठिपके आधी हार मानतात, कॉलरच्या घडीवरचे तर सगळ्यात आधी, कारण तिथे वाकणं रोजचंच.

दुसरं इस्त्री. कॉटनची खूण असते तिथे इस्त्री २०० अंशांच्या आसपास जाते आणि पॉलिथिन ११० ते १३० च्या दरम्यानच वितळतं. म्हणजे घरी दर इस्त्रीला गोंद पुन्हा मऊ होतो. तेव्हाच कॉलर गरमागरम उचलून दुमडली आणि हँगरवर टांगली तर ठिपका सैल असतानाच ओढ बसते.

आकडेमोड

पण मग दर इस्त्रीला तो पुन्हा वितळून पुन्हा चिकटायला हवा ना? तुमच्याच म्हणण्याप्रमाणे ही तर रोजची दुरुस्ती झाली.

प्रेसवाला

थोडीफार होते, म्हणूनच फुगे इस्त्रीने बसतात आणि माणसाला वाटतं जमलं. पण दर वेळी वितळलेला गोंद थोडा थोडा बकरमाच्या आतच मुरतो, कापडाच्या बाजूला कमी उरतो. आणि एकदा फट पडली की तिच्यात साबणाचा अंश, कापडाचा भुरका साठतो, त्यावर गोंद नीट धरत नाही. आणि जास्तीचे ४ मिलिमीटर कुठे गेलेले नसतात, इस्त्री ते फुग्याची घडी करून दाबते.

उसवण

आता कफ. कफच्या टिपेचे तीन-चार टाके ब्लेडने कापून बघा, एका जागी. कापड लगेच सपाट झालं आणि कापलेल्या दोऱ्याची टोकं लांब गेली तर दोरा ताणलेला आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरी जाड थर आला की वरच्या दोऱ्याचा ताण वाढवतात, हमखास.

टाका_चुकला

कापले. टोकं एकमेकांपासून चांगली लांब सरकली, चुणी तिथे गायब. आणि हो, मी पण ताण वाढवला होता, थर जास्त म्हणून 🙈

घडी_मोड

दोरा आटला असेल ना पण. दोरा पण कापडासारखाच आटतो.

प्रेसवाला

ही शंका मात्र रास्त आहे. सुती दोरा आटतो. रीळ घ्या, एक मीटर दोरा सैल मोजून कापा, गरम पाण्यात टाका, वाळवून मोजा. आखूड झाला तर घडी_मोड जिंकले. पॉलिएस्टर असेल तर फारसा फरक येऊ नये. मग तो मशीनमधे ताणला जाऊन शिवला गेला आणि नंतर मूळ लांबीला परत येतोय. रबरासारखं, पण फार हळू. धुण्यात ओलं होऊन हलतं तेव्हा त्याला परतायला वाव मिळतो, म्हणून शिवल्या दिवशी दिसत नाही.

टाका_चुकला

पॉलिएस्टर आहे. एक मीटरचा एक मीटरच राहिला.

पण मग कॉलरच्या कडेलाही तीच टीप, तोच ताण. तिथे एकाही शर्टाला चुणी नाही, असं का?

आकडेमोड

अंदाज सांगू? कॉलरचं बकरम जाड, कफचं पातळ असं तुम्हीच सुरुवातीला लिहिलंय. दोरा दोन्हीकडे सारखाच ओढतो पण पुठ्ठा गोळा होत नाही आणि कागद होतो.

प्रेसवाला

मलाही तसंच वाटतं. पण कॉलरची टीप तुम्ही ताण वाढवायच्या आधी घातली असेल तर तेही कारण असू शकेल. शिवण्याचा क्रम आठवतोय का?

टाका_चुकला

नाही हो, ते नाही आठवत.

(नऊ दिवसांनी)

तुकड्यांचा प्रयोग केला. त्याच कापडाच्या ५ बाय १५ सेंटीमीटरच्या चार पट्ट्या, त्याच बकरमावर, एका टोकाला दोन सेंटीमीटर न चिकटवता सोडले म्हणजे सोलायला धरता येईल. पहिली इस्त्रीच्या टेबलावर फिरवून. दुसरी त्याच टेबलावर ठेवून, बारा सेकंद. तिसरी लाकडी टेबलावर ठेवून, वाफ बंद, बारा सेकंद, जोर देऊन. चौथी तिसरीसारखीच पण वर ओलं मलमल आणि ते कोरडं होईपर्यंत. सगळ्या तिथेच थंड होऊ दिल्या. मग पाच धुणी मशीनमधे, बाकी कपड्यांबरोबर एका जाळीच्या पिशवीत.

पहिली सोलायची गरजच पडली नाही, पिशवीतच अर्धी सुटली. दुसरी स्टिकरसारखी निघाली. तिसरी आणि चौथी दोन्ही चरचर करत, जोर लावून, आणि दोन्हींतला फरक मला काही हाताला कळला नाही. चौथीचं कापड वरून थोडं चकचकीत झालंय आणि एका जागी गोंदाचा डाग वर आल्यासारखा वाटतोय.

प्रेसवाला

डाग म्हणजे तिथे जास्त झालं, गोंद कापडाच्या पार जाऊन वर आला. पातळ पॉपलिनला वेळ दोन-तीन सेकंद कमी करा. ओल्या मलमलचा फायदा जाड कापडाला जास्त असतो, उष्णता आत पोचवायला. तुमच्या कापडाला तिसरी पद्धत पुरे.

उसवण

मी अजूनही ओलं मलमलच वापरणार. कोरड्या इस्त्रीने माझं कापड पिवळं पडलंय दोनदा.

आणि ते बिघडलेले दोन शर्ट टाकू नका हं. कॉलर पट्टीपासून उसवा, उलटी फिरवा आणि पुन्हा शिवा. खालच्या बाजूला बकरम चिकटवलेलं नसतं, ती चांगली असेल. पूर्वी घासलेल्या कॉलरी अशाच उलटवायचे.

प्रेसवाला

उलटवता येईल, पण एक बघा. खालची बाजू कापताना दोन-तीन मिलिमीटर लहान कापली असेल तर कॉलर तिच्या बाजूला वळते, म्हणून टोकं खाली बसतात. उलटवली की तीच टोकं वर उचलतील. दोन्ही बाजू सारख्या कापल्या असतील तर काही नाही.

टाका_चुकला

मी सारख्याच कापल्या होत्या, लहान कापायचं असतं हेच माहीत नव्हतं :D चुकीचा फायदा झाला म्हणायचा.

एक कॉलर उलटवली काल. बसली व्यवस्थित, अजून धुतलेली नाही. कफची टीप उसवून ताण कमी करून परत घातली तर जुन्या सुईची भोकं ओळीने दिसतायत, ती धुतल्यावर भरून येतात का कुणाला माहीत आहे?

उसवण

कॉटनवर बरीच बुजतात. ओलं करून नखाने आडवं-उभं खरवडा हलकंच, धागे जागेवर येतात. पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर राहतात.

गुंडी

टीशर्टची कॉलर सपाट ओढून वाळत घातली. एक टोक खाली बसलंय, दुसरं अजून वरच आहे.